‘माहीत नाही’ला जागा कुठे द्यावी?

२३ जानेवारी २०२४ पासून राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण नगर जिल्ह्यातही दारोदारी झालं. मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांना दीडशेच्या वर प्रश्न होते. इतकी लांब प्रश्नावली कुठलीही असो, तिच्याबद्दलचे तीन समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : उत्तर चुकलं म्हणजे माणूस खोटं बोलला.
समजा, पारनेर तालुक्यातल्या एका ओट्यावर विचारलं, “गेल्या बारा महिन्यांत खतावर किती खर्च झाला?” खरं उत्तर द्यायचं तर बाजरीला किती गोण्या, कांद्याला किती, उधारीवर काय आणलं, हे आठवून बेरीज करावी लागते. पहिल्या दहा प्रश्नांत माणूस ती करतो. शंभराव्या प्रश्नाला म्हणतो, “धरा वीस हजार.” यात लबाडी नाही, थकवा आहे. जॉन क्रॉस्निक यांनी १९९१ मध्ये हर्बर्ट सायमन यांची कल्पना सर्वेक्षणाला लावून या वेळ मारून नेण्याला ‘सॅटिस्फायसिंग’ म्हटलं. खूण सोपी असते : गोल आकडे वाढतात, वयं ४०, ४५, ५० वर गोळा होतात आणि ओळीने सगळीकडे ‘समाधानी’ येतं.

गैरसमज : ‘माहीत नाही’चा पर्याय दिला की माहिती शुद्ध होते.
क्रॉस्निक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नऊ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. हा पर्याय दिल्याने उत्तरांचा दर्जा सुधारला नव्हता. कमी शिकलेल्यांनी आणि शेवटाकडच्या प्रश्नांना तो जास्त निवडला होता. म्हणजे ज्यांना मत होतं, पण ते शोधायला कष्ट पडले असते, त्यांनाही पळवाट मिळाली. त्यात गरिबाघरचा आवाज आधी गळतो, हे मला सर्वात जास्त खुपतं.

गैरसमज : मग तो काढूनच टाकावा.
अमेरिकेत जॉर्ज बिशप आणि सहकाऱ्यांनी अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याबद्दल मत विचारलं, तर जवळपास तिघांत एकाने ते दिलं. ‘मत नाही’ म्हणायची वाट दिल्यावर हे प्रमाण बरंच घटलं.

म्हणून प्रश्न कशाबद्दल आहे ते आधी बघावं. आजोबांची जन्मतारीख किंवा सासऱ्यांचं शिक्षण खरंच माहीत नसू शकतं. तिथे पर्याय मोकळेपणाने द्यावा, नाहीतर अंदाज माहिती म्हणून नोंदला जातो. योजनेबद्दल मत घेण्याआधी “तुम्ही हिच्याबद्दल ऐकलंय का?” हे विचारावं. पण गावचा रस्ता, नळाचं पाणी हा रोजचा अनुभव आहे. तिथे पर्याय वाचून दाखवू नये. तो फक्त प्रगणकाच्या यादीत असावा, एकदा थांबून पुन्हा विचारल्यावर नोंदवण्यासाठी.

शंका असेल तर निम्म्या घरांत विभागांचा क्रम उलटा करावा. तोच प्रश्न शेवटी आल्यावर ‘माहीत नाही’ वाढलं, तर दोष लांबीचा आहे, आणि तिथे प्रश्नच कमी करावे लागतात.