ॲसिड सांडले, पण किती आणि कुठवर?

शाळेच्या प्रयोगशाळेत काही सांडले की बहुतेक नोंदवह्यांत एकच ओळ पडते : ‘ॲसिड सांडले. साफ केले.’ या ओळीवरून दुसऱ्या दिवशी तिथे बसणाऱ्या मुलांना जमीन सुरक्षित आहे की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

असा एक प्रसंग घेऊ. अकरावीच्या प्रात्यक्षिकाआधी प्रयोगशाळा सहायक संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड लहान बाटलीत ओतत आहेत. बाटली हातातून निसटते, आडवी होते आणि ॲसिड ओट्यावरून खाली शहाबादी फरशीवर जाते.

नोंदीत पहिल्यांदा पदार्थाचे नाव हवे, आणि तेही बाटलीवरच्या लेबलाप्रमाणे. नुसते ‘ॲसिड’ लिहून भागत नाही, कारण साफसफाईचा सगळा हिशेब नावावर आणि तीव्रतेवर चालतो. १०० मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड शमवायला साधारण १०० ग्रॅम खायचा सोडा लागतो. तेवढ्याच संहत सल्फ्युरिकला सुमारे ३०० ग्रॅम लागतो, आणि त्या साचलेल्या ॲसिडवर थेट पाणी ओतले तर ते उकळून अंगावर उडते. उलट प्रयोगासाठी पातळ केलेले हायड्रोक्लोरिक असेल, तर चार-पाच चमचे सोड्यातही काम होते.

दुसरी गोष्ट प्रमाण. ते अंदाजाने लिहू नये. बाटली ५०० मिलिलिटरची, नुकतीच उघडलेली आणि आता तिच्यात ३०० उरले असेल, तर २०० सांडले. हा आकडा क्षेत्राशी ताडून पाहता येतो. सपाट जमिनीवर द्रवाचा थर साधारण दोन-तीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे २०० मिलिलिटरचे थारोळे जेमतेम एक फूट लांब-रुंद भरेल. ओल दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद दिसत असेल, तर बाटलीत आधी किती होते, हे पुन्हा विचारायला हवे.

क्षेत्र लिहिताना फरशीपाशी थांबून चालत नाही. ओट्याची कड, ड्रॉवरच्या मुठी, लोखंडी कपाटाचे पाय, फरशांच्या सांध्यांतल्या भेगा हे सगळे पाहावे लागते. या ॲसिडची वाफही त्रासदायक असते. ती जवळच्या लोखंडाला गंज चढवते आणि घशात झोंबते. म्हणून मुलांना आधी बाहेर काढायचे आणि खिडक्या उघडायच्या. कुणाच्या अंगावर थेंब उडाला असेल, तर साफसफाई बाजूला ठेवून तो भाग किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरायचा. त्वचेवर सोडा चोळायचा नाही.

मग चष्मा, रबरी हातमोजे आणि ॲप्रन घालून सोडा टाकायचा, तोही कडेकडून आत, म्हणजे ॲसिड आणखी पसरत नाही. फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. इथे शहाबादी फरशी फसवते. ती मुळात चुनखडीचा दगड. ॲसिड पडले की ती स्वतःच फसफसते आणि विरते. त्यामुळे फेस आला म्हणजे सोड्याने काम केले, असे मानता येत नाही. फेस थांबल्यावर लगद्याला आणि सांध्यांना ओला निळा लिटमस लावून पाहावा. तो लाल झाला तर आणखी सोडा. लाल झाला नाही, तर लगदा प्लॅस्टिकच्या सुपलीने प्लॅस्टिकच्या बादलीत भरायचा आणि मगच जागा भरपूर पाण्याने धुवायची. शमवायला कॉस्टिक सोडा वापरू नये, त्याने फार उष्णता निर्माण होते. फरशीवर पुढे ओलसर डाग राहिला, तर तो चुनखडीपासून झालेल्या कॅल्शियम क्लोराइडचाही असू शकतो, कारण ते हवेतली ओल शोषते. खात्री लिटमसनेच करायची.

आता या प्रसंगाची नोंद अशी होईल : ‘सकाळी १०.२०. संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड, सुमारे २०० मिलिलिटर (५००च्या बाटलीत ३०० शिल्लक). ओट्याची कड आणि खालची एक फूट लांब-रुंद फरशी, दोन सांधे. विद्यार्थी बाहेर, खिडक्या उघडल्या. कुणाला इजा नाही. खायचा सोडा २५० ग्रॅम. लिटमस तीन ठिकाणी निळाच राहिला. लगदा लेबल लावलेल्या बादलीत. फरशी खरवडली आहे. कपाटाखाली पाहिलेले नाही.’

या नोंदीतले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. त्याच्यामुळे कपाट सरकवून पाहायचे राहिले आहे, हे पुढच्या माणसाला कळते.

अडीच लिटरची अख्खी बाटली फुटली किंवा खोलीत श्वास घेणे जड झाले, तर सोड्याच्या भरवशावर आत जाऊ नये. दार बंद करून अग्निशमन दलाला १०१वर फोन करावा, आणि काय, किती, कुठवर सांडले हे पहिल्याच वाक्यात सांगावे.