घटक ४ : कथेतील संवाद – ‘जवय’ या एका शब्दाचे काम



मागील घटकात आपण कथेतील निवेदनाचा विचार केला. या घटकात संवादाकडे वळू. त्यासाठी एक छोटी कथा घेतली आहे. तिचा विषय साधा आहे : गावाहून नुकताच आलेला एक कामगार आणि चहाच्या टपरीचा मालक यांचे पहिले खरे बोलणे. ‘खरे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ही दोन माणसे त्याआधी पाच दिवस एकमेकांशी बोलतच होती. मग सहाव्या दिवशी नेमके काय बदलले, हे आपल्याला भाषेच्या अंगाने शोधायचे आहे.

कथेचा प्रसंग

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकासमोर टपरी आहे. कंत्राटी कामावर लागलेला एक तरुण पाळी सुटल्यावर तेथे येतो. “एक चहा.” “दहा रुपये.” पाच दिवस एवढेच चालते. सहाव्या संध्याकाळी पाऊस लागतो, गिऱ्हाईक पांगते, आणि तरुण टपरीच्या पत्र्याखाली थांबून राहतो.

“मामा, इथं जवय कोठी रिचार्ज भेटन का?”

“काय? जवय?”

तरुणाने मान खाली घातली. “जवळ. जवळपास.”

“हां. पुढच्या चौकात आहे दुकान. पण एवढ्या पावसात बंद केलं असेल त्यानं.” मालकाने स्टोव्ह बारीक केला. “जवय कुठं म्हणतात रे?”

“आमच्याकडं.”

“आमच्याकडं म्हणजे?”

“यवतमाळ. दारव्हा तालुका.”

“मग डोळ्याला?”

“डोया.” तरुण मालकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. मालक हसला नाही.

“मी माण तालुक्यातला. आलो तेव्हा ‘हितं’ म्हटलं की कंपनीतली पोरं दात काढायची. मग ‘इथं’ म्हणायला शिकलो.”

“मले तेच वाटे. बोललो का हासतीन लोकं.”

“रिचार्ज कशाला पाहिजे होतं?”

“मायले फोन लावाचा होता. सहा दिवस झाले.”

मालकाने खिशातून स्वतःचा फोन काढून पुढे केला. “बस हितं. लाव.”

तरुणाने नंबर लावला. बोलताना त्याने पाठ फिरवली नाही.

विवेचन

प्रथम पहिल्या पाच दिवसांकडे पाहा. मागणी आणि किंमत, अशा जोडीने उक्ती येतात आणि जोडी पूर्ण झाली की बोलणे संपते. अशा जोडीत बोलणारा कोण आहे याला महत्त्व नसते. त्या जागी दुसरा कोणीही गिऱ्हाईक असता तरी शब्द तेच राहिले असते. कथाकाराने हे पाच दिवस दोन वाक्यांत उरकले आहेत. ते योग्यच आहे, कारण तेथे सांगण्यासारखे काही घडत नाही.

सहाव्या दिवशी तरुणाच्या तोंडून ‘जवय’ निसटते. वऱ्हाडी बोलीत अनेक ठिकाणी प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : डोळा–डोया, केळी–केयी, जवळ–जवय. वऱ्हाडातील प्रत्येक गावी आणि प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडी तो सारखाच आढळेल असे नाही. पण जेथे तो आहे तेथे नियमाने आहे. म्हणून याला ‘अशुद्ध उच्चार’ म्हणणे भाषाशास्त्राला मान्य नाही. ‘भेटेल’ऐवजी ‘भेटन’, ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘आईला’ऐवजी ‘मायले’ हीही त्याच बोलीची रूपे होत.

यानंतर जे होते त्याला संभाषणाच्या अभ्यासात ‘दुरुस्ती’ म्हणतात. शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स या तीन अभ्यासकांनी १९७७ साली दुरुस्तीच्या रचनेविषयीचा प्रसिद्ध लेख लिहिला. ऐकणाऱ्याला काही कळले नाही तर बहुधा तो स्वतः चूक सुधारत नाही. नुसता प्रश्न करतो आणि सुधारण्याची संधी बोलणाऱ्यालाच देतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. आपल्या कथेतही मालक “काय? जवय?” एवढेच विचारतो आणि तरुण स्वतःच ‘जवळ’ म्हणतो. मात्र मान खाली घालणे या दुरुस्तीत आवश्यक नव्हते. ती एक हालचाल सांगते की हा शब्द सुधारण्याची वेळ त्याच्यावर पूर्वीही आली आहे, आणि तेव्हा समोरचे हसले आहेत.

सामान्यतः दुरुस्ती झाली की बोलणारे मूळ कामाकडे परततात. मालकही परततो, दुकान कोठे आहे ते सांगतो. येथे व्यवहार पुरा झाला. संभाषण येथेच थांबले असते तर सहावा दिवस पाचव्यासारखाच गेला असता. पण मालक पुन्हा त्या शब्दाकडे येतो : “जवय कुठं म्हणतात रे?” या प्रश्नाची व्यवहाराला काहीच गरज नव्हती. माझ्या मते कथेतील खरे संभाषण याच वाक्यापासून सुरू होते. ‘कुठला तू?’ असे थेट विचारले असते तर उत्तर म्हणून गावाचे नाव मिळाले असते आणि विषय संपला असता. शब्दावरून गावाकडे गेल्यामुळे तरुणाला ज्याची लाज वाटत होती तीच गोष्ट विचारण्याजोगी ठरली.

तरुणाचे उत्तर तरीही सावध आहे. ‘आमच्याकडं’ हे त्याचे रूप वऱ्हाडी नव्हे. घरी तो ‘आमच्याकडे’ किंवा ‘आमच्या इकडे’ म्हणाला असता. तो पुण्याकडची लकब उसनी घेऊन बोलतो आहे. समोरच्याच्या बोलण्याजवळ आपले बोलणे नेण्याच्या या प्रवृत्तीला भाषिक अनुकूलन म्हणतात. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात ही संकल्पना मांडली. मालक आपली ‘हितं’ची हकीगत सांगतो त्यानंतरच तरुण ‘मले’वर येतो. आता मालकाच्या अखेरच्या वाक्याकडे पाहा. हकीगतीत ‘हितं’ हा केवळ उद्धृत शब्द होता, “बस हितं. लाव.” यात तो वापरलेला शब्द आहे. वर्षानुवर्षे मागे ठेवलेले रूप तो या मुलासमोर पुढे आणतो. निवेदकाने यावर एकही टिप्पणी केलेली नाही, आणि करूही नये.

संबोधनांचीही नोंद घ्या. तरुण ‘मामा’ म्हणतो. टपरीवाल्याला पुण्याकडे सर्रास मामा म्हणतात, त्यामुळे त्यात आरंभी जवळीक नाही. मालकाचे ‘रे’ वयाने मोठ्याचे आहे. कथेच्या अखेरीस दोघांपैकी कोणीही संबोधन बदलत नाही.

लेखनात कोठे बिघडते

विद्यार्थ्यांच्या कथालेखनात असा प्रसंग दोन प्रकारे फसतो. एक तर पात्र पहिल्याच उत्तरात कर्ज, नापिकी, बहिणीचे लग्न असे सारे सांगून टाकते. आपल्या तरुणाकडून ‘माय’ हा शब्द यायला मालकाचे सहा प्रश्न लागले, ते मोजून पाहा. दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक शब्दाला बोलीचे रूप देणे. मग वाचक शब्द उलगडण्यातच अडकतो, आणि ‘जवय’सारखा एक शब्द निसटण्यातील अर्थ हरवतो, कारण निसटण्याआधी काही आवरलेलेच नसते.

स्वाध्याय

१. वरील कथेतील “काय? जवय?” या उक्तीनंतर मालकाने “जवय नाही, जवळ म्हण” असे म्हटले आहे अशी कल्पना करा. त्यापुढील पाच उक्ती लिहा आणि कोणत्या टप्प्यावर संभाषण थांबले ते नोंदवा.

२. तुमच्या घरच्या बोलीतील असा एक शब्द निवडा, जो तुम्ही परक्या ठिकाणी टाळता. तो ज्या वाक्यात तुमच्या तोंडून निसटू शकेल ते वाक्य लिहा. नंतर तेच वाक्य परक्या ठिकाणी सावधपणे बोलावे तसे लिहा आणि दोहोंतील फरक दाखवा.