सरासरी सारखी, घोर वेगळा

शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात ज्याच्या रानाला पाणी आहे, त्याच्यापुढे प्रश्न असतो: ऊस की कांदा? उसाची एफआरपी केंद्र सरकार आधीच जाहीर करतं. २०२३-२४ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला ती क्विंटलला ३१५ रुपये होती, पुढच्या हंगामात ३४०. कांद्याला असा कसलाच आधार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. बंदी उठली ४ मे २०२४ ला.

हिशेबासाठी काही आकडे धरू. खर्च वजा जाता उसाने एकरी वर्षाला ५०, ५५, ४५, ५२ आणि ४८ हजार दिले. कांद्याने १ लाख ४० हजार दिले, मग २० हजारांचा तोटा, मग ३० हजार, १ लाख १० हजार आणि शेवटी १० हजारांचा तोटा. दोन्हींची सरासरी ५० हजारच.

फरक मोजायचा तर प्रत्येक वर्ष सरासरीपासून किती दूर गेलं ते बघायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्यायचं. हे प्रमाण विचलन. उसाचं येतं सुमारे ३,४०० रुपये, कांद्याचं ६४ हजार. शेअर बाजारात जोखीम मोजतात ती मुख्यतः याच आकड्याने.

पण घरात जे जाणवतं ते या आकड्यात पुरतं येत नाही. घरखर्च वर्षाला ४० हजार धरा. वरच्या क्रमाने कांदा पिकला तर पहिल्या वर्षीची शिल्लक पुढचे तोटे पचवते, एकदाही कर्ज लागत नाही आणि पाच वर्षांनी ५० हजार उरतात. उसातही तेवढेच उरतात. आता तीच वर्षं उलट्यासुलट्या क्रमाने आणा: आधी दोन्ही तोट्याची, मग ३० हजारांचं, मग तेजीची दोन, त्यातलं मोठं शेवटी. पहिल्याच वर्षी ६० हजार कमी पडतात. ते सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिन्याने उचलले आणि दरवर्षी व्याज मुद्दलात चढत गेलं, तर लाखाच्या वरची दोन्ही वर्षं येऊन गेल्यावरही डोक्यावर सुमारे ६६ हजारांचं कर्ज राहतं. सरासरी तीच, प्रमाण विचलनही तेच. म्हणून माझ्या मते कांदा किती लावायचा हे भावाच्या अंदाजावर ठरवू नये. दोन वाईट वर्षं लागोपाठ आली तर घर कर्जाशिवाय चालेल का, यावर ठरवावं.

या मापाची दुसरी उणीव उसात दिसते. ३,४०० हा आकडा फार निर्धास्त करतो. कायद्याने एफआरपी १४ दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. तरीही बिलं थकतात. दौंड तालुक्यातला पाटसचा भीमा कारखाना तर काही हंगाम बंदच होता. अशी जोखीम भावाच्या चढउतारात उमटत नाही. ती शोधायची तर कारखान्याने मागच्या हंगामाचं शेवटचं बिल किती दिवसांनी जमा केलं, हे आपल्या पासबुकात बघावं लागतं.