बाजू पंचवीसच, क्षेत्रफळं मात्र तीन

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक उदाहरण आहे. चौकोनाच्या चारही बाजू २५ आहेत. त्याचे कर्ण किती आणि क्षेत्रफळ किती? आठवीतल्या कुठल्याही मुलाला वाटेल, त्यात काय एवढं, पंचवीस गुणिले पंचवीस, सहाशे पंचवीस. भास्कराचार्य मात्र तीन उत्तरं देतात. एक कर्ण ३० धरला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ धरला तर दुसरा ४८ येतो आणि क्षेत्रफळ ३३६. दोन्ही कर्ण सारखे धरले तर चौरस होतो, आणि तेव्हाच काय ते ६२५.

हे खरं वाटत नसेल तर पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या कापाव्यात आणि टोकं टाचणीनं सैल जोडावीत. खालची पट्टी धरून वरची हळूहळू बाजूला ढकलली की चौरसाचा समभुज चौकोन होतो. आणखी ढकलला की तो चपटा होत जातो आणि शेवटी चारही पट्ट्या एकाच रेषेत येऊन निजतात. एकाही पट्टीची लांबी बदललेली नसते, पण आतली जागा ६२५ पासून शून्यापर्यंत उतरलेली असते. म्हणजे फक्त बाजू सांगून समभुज चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणं हा प्रश्नच अपुरा आहे. भास्कराचार्यांना अशा प्रश्नाची चीडच होती. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते चक्क पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं!

त्यांचा रोख जुन्या रीतीवर होता. ब्रह्मगुप्तांच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (इ. स. ६२८) चौकोनाच्या क्षेत्रफळाची एक ढोबळ रीत दिली आहे: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. चारही बाजू २५ असल्या की ही रीत नेहमी ६२५ सांगणार, चौकोन कितीही चपटा असो. ब्रह्मगुप्तांचं दुसरं, सूक्ष्म सूत्रही इथे ६२५च देतं, कारण चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतील तेव्हाच ते लागू पडतं. समभुज चौकोनाचे शिरोबिंदू एका वर्तुळावर यायचे तर तो चौरसच असावा लागतो.

आजच्या वहीतली चूक याच घराण्यातली आहे. ‘क्षेत्रफळ = पाया × उंची’ हे मुलांना पाठ असतं, आणि ते बरोबरही आहे. आकृतीत पाया आडवा काढलेला असतो, डावी बाजू तिरकी वर जाते, तिच्यावर २५ लिहिलेलं असतं. आयताची सवय लागलेली नजर म्हणते, वर जाते ती उंची. पण उंची म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं लंब अंतर. ते मोजायचं तर गुण्या पायाला काटकोनात धरावा लागतो. तिरकी बाजू त्या अंतराहून नेहमी लांबच असते. फक्त चौरसात दोन्ही एक होतात.

या चुकीचा त्रासदायक भाग असा की ती दरवेळी सारखी डोळ्यात भरत नाही. ३० आणि ४० कर्णांच्या चौकोनात क्षेत्रफळ ६००, पाया २५, म्हणून उंची २४. पंचविसाच्या जागी चोवीस, एवढाच फरक. आकृती पाहून कोणाला शंका येणार नाही. आता १४ आणि ४८ कर्णांचा चौकोन घ्या. तिथे ३३६ भागिले २५, म्हणजे उंची अवघी १३.४४. बाजूलाच उंची समजणाऱ्याचं उत्तर इथे जवळजवळ दुप्पट येतं. चूक तीच, पण चौकोन जितका चपटा तितकी ती महाग पडते.

कर्णांची रीत या सगळ्या घोळातून सोडवते, कारण तिच्यात उंची लागतच नाही. ३० आणि ४० वाला चौकोन तिरक्या बाजूवर न ठेवता कर्णावर उभा करून पाहावा: ४०चा कर्ण आडवा, ३०चा उभा. आडव्या कर्णाचं प्रत्येक टोक उभ्या कर्णाच्या दोन्ही टोकांपासून सारखंच, म्हणजे २५ अंतरावर आहे. म्हणून आडवा कर्ण उभ्याला बरोबर मध्यावर आणि काटकोनातच छेदतो. उलट बाजूनंही तसंच. चौकोनाचे चार काटकोन त्रिकोण होतात, प्रत्येकाच्या काटकोनालगतच्या बाजू १५ आणि २०. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ १५०, चौघांचं ६००.

सूत्रातला अर्धा कुठून येतो, हेही याच आकृतीत दिसतं. चारही शिरोबिंदूंतून कर्णांना समांतर रेषा काढल्या की बाहेर ४० बाय ३०चा आयत तयार होतो, क्षेत्रफळ १२००. आतल्या प्रत्येक काटकोन त्रिकोणाला कोपऱ्यात एक अगदी तसाच जोडीदार मिळतो, म्हणून चौकोन आयताच्या नेमका निम्मा. ‘कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं’ हे नुसतं पाठ केलेली मुलं कधी निम्मं करायलाच विसरतात आणि १२०० लिहितात, म्हणजे चौकोनाऐवजी बाहेरचा आयत मोजतात. कधी दोन्ही कर्ण निम्मे करून १५ × २० = ३०० लिहितात; ते झालं चारांपैकी दोनच त्रिकोणांचं क्षेत्रफळ. आकृती एकदा स्वतः काढली असेल तर आपण काय मोजलं ते लगेच कळतं.

उंचीही या त्रिकोणात सापडते. १५, २० आणि २५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचं क्षेत्रफळ १५०. त्याच्या सर्वांत लांब, २५च्या बाजूवर वरून टाकलेला लंब ३०० भागिले २५, म्हणजे १२. मध्यबिंदूपासून चौकोनाच्या एका बाजूचं अंतर १२ आणि समोरच्या बाजूचंही १२; मिळून उंची २४. पाया गुणिले उंची पुन्हा ६००च. काहीजण मात्र अर्ध्या कर्णालाच, १५ला, उंची समजून २५ × १५ = ३७५ करतात. अर्धा कर्ण दुसऱ्या कर्णाला काटकोनात असतो, बाजूला नव्हे.

उत्तर तपासायला दोन गोष्टी पुरतात. समभुज चौकोनाचं क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाहून मोठं येऊच शकत नाही; बाजू २५ असताना कोणी १२०० लिहिलं तर पुढे पाहायची गरज नाही. दुसरी तपासणी दिलेल्या आकड्यांचीच. अर्ध्या कर्णांवर पायथागोरसचं प्रमेय लावलं की दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज बाजूच्या वर्गाच्या चौपट निघते. ३० आणि ४०साठी ९०० + १६०० = २५००; १४ आणि ४८साठी १९६ + २३०४, तेही २५००च. गृहपाठ म्हणून घाईत रचलेल्या उदाहरणांत कधी बाजू २५, कर्ण ३० आणि ३८ असंही सापडतं. तिथे ९०० + १४४४ = २३४४ येतात. कर्णांच्या सूत्रात आकडे घातले तर ५७० हे उत्तर निमूट बाहेर पडतं, पण त्या मापांचा समभुज चौकोन कागदावर काढताच येत नाही.