कंपनी-विलीनीकरण, भागविनिमयाने

कंपनी-विलीनीकरण, भागविनिमयाने : एका कंपनीची सर्व मत्ता व देयता दुसऱ्या कंपनीकडे जाऊन पहिलीचे स्वतंत्र अस्तित्व संपते आणि तिच्या भागधारकांना मोबदला म्हणून दुसरीचे भाग मिळतात, अशा व्यवहारास भागविनिमयाने झालेले विलीनीकरण म्हणतात. त्यात रोख रक्कम हातात पडत नसल्यामुळे मोबदल्याची किंमत कोणती धरावयाची, हाच संपादक कंपनीच्या हिशेबांतील कळीचा प्रश्न ठरतो.

सातारा व सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांतील जुन्या बँकांच्या उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होतो. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक (स्थापना १९३६) ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. तीत भागधारकांना प्रत्येक भागामागे २८ रु. रोख मिळाले. मोबदला रोख असल्याने तो किती, याविषयी हिशेबनिसास शंका राहिली नाही. सांगली येथे १९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक १९ एप्रिल २००७ पासून आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, ती मात्र भागविनिमयाने. सांगली बँकेच्या १० रु. दर्शनी किंमतीच्या ९२५ भागांबद्दल आयसीआयसीआय बँकेचे तेवढ्याच दर्शनी किंमतीचे १०० भाग, असे प्रमाण ठरले होते. त्यानुसार सुमारे ३४.५५ लाख नवे भाग देण्यात आले. म्हणजे सांगली बँकेचे सुमारे ३२ कोटी रुपयांचे वसूल भांडवल जाऊन त्याच्या जागी संपादक बँकेचे भांडवल केवळ साडेतीन कोटी रुपयांच्या आसपास वाढले.

बँकांचे असे ऐच्छिक विलीनीकरण बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ४४ अ खाली होते. दोन्ही बँकांच्या सभांत उपस्थित भागधारकांपैकी संख्येने बहुमत व भागमूल्याने दोन-तृतीयांश इतका पाठिंबा लागतो आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेची मान्यता मिळवावी लागते. योजनेस विरोध नोंदविणाऱ्या भागधारकास रिझर्व्ह बँक ठरवील त्या मूल्याने रोख रक्कम मागता येते.

नोंदींची पद्धत : विनिमयाचे हेच प्रमाण घेऊन नोंदी कशा होतात, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. ‘ख’ कंपनीचे १० रुपयांचे ३७ लाख भाग आहेत. म्हणजे तिचे भांडवल ३.७० कोटी रु. व राखीव निधी २.३० कोटी रु. आहे. पुस्तकांप्रमाणे तिची मत्ता ५० कोटी आणि बाहेरची देणी ४४ कोटी रु. आहेत. संपादक ‘क’ कंपनी तिच्या भागधारकांना ४ लाख भाग देते.

प्रथम आलेल्या मत्तेचे वाजवी मूल्य ठरविले जाते. बुडीत जाण्याजोग्या येण्यांमुळे ४ कोटी रु. कमी होतात, जुन्या किंमतीने दाखविलेल्या इमारतींचे मूल्य १ कोटीने वाढते आणि कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद न केलेली १ कोटीची देयता उघड होते. मत्ता ४७ कोटी व देणी ४५ कोटी धरता निव्वळ मत्ता केवळ २ कोटी रु. उरते. पुस्तकांत दिसणाऱ्या ६ कोटींपेक्षा ती पुष्कळच कमी आहे. विलीनीकरणातील बहुतेक फसगत याच पायरीवर होते. कारण न नोंदलेली देयता ताळेबंद वाचून कळत नाही, ती करार, दावे व कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासूनच सापडते.

‘क’ च्या भागाचा बाजारभाव २०० रु. असल्यास मोबदला ८ कोटी रुपयांचा होतो. तेव्हा पहिल्या नोंदीत व्यवसाय-खरेदी खाते ८ कोटींनी नावे पडते आणि ‘ख’ चे भागधारक जमा होतात. दुसऱ्या नोंदीत मत्तेची खाती ४७ कोटींनी नावे व देण्यांची खाती ४५ कोटींनी जमा केली जातात, व्यवसाय-खरेदी खाते ८ कोटींनी जमा होऊन मिटते आणि तोल साधणारे ६ कोटी नावलौकिक खात्यास नावे पडतात. तिसऱ्या नोंदीत भागधारकांचे ८ कोटी नावे टाकून ४० लाख रु. भागभांडवलास व ७.६० कोटी रु. भाग-अधिमूल्य खात्यास जमा होतात. ‘क’ ने ‘ख’ कडे ठेव ठेवली असल्यास विलीनीकरणानंतर ती स्वतःकडेच ठेवल्यासारखी होते. म्हणून येणे व देणे ही दोन्ही परस्परांविरुद्ध रद्द करावी लागतात. हे राहून गेल्यास ताळेबंदाच्या दोन्ही बाजू तेवढ्याच फुगतात; बेरीज मात्र जुळत असल्याने चूक सहजी लक्षात येत नाही.

आता नवे भाग बाजारभावाऐवजी दर्शनी किंमतीने नोंदले, तर मोबदला ४० लाख रुपयांचाच ठरतो. निव्वळ मत्ता २ कोटी असल्याने नावलौकिक उद्भवत नाही, उलट १.६० कोटी रु. भांडवली राखीव निधीत जातात. मत्ता, देणी व भागांची संख्या तीच असूनही एका पद्धतीने ६ कोटींचा नावलौकिक दिसतो, तर दुसरीने राखीव निधी वाढलेला दिसतो. नावलौकिक पुढील वर्षांच्या नफ्यातून निर्लेखित करावा लागतो, म्हणून दुसऱ्या पद्धतीत पुढील नफा अधिक भासतो. सांगली बँकेच्या प्रकरणी देण्यात आलेल्या भागांची वसूल किंमत हीच हिशेबात धरण्यात आली. मिळालेल्या निव्वळ मत्तेच्या वाजवी मूल्याहून ती जेवढी अधिक भरली, तेवढी रक्कम नावलौकिक म्हणून न दाखविता भाग-अधिमूल्य खात्यास नावे टाकण्यात आली. परिणामी तिचा भार पुढील नफ्यावर पडला नाही. तो भागधारकांच्या निधीवर एकदमच पडला.

मानके व मर्यादा : भारतात १९९५ पासून लागू झालेल्या चौदाव्या लेखामानकात खरेदी-पद्धतीखेरीज हितसंबंध-एकत्रीकरणाची पद्धतही मान्य आहे. तीत ‘ख’ ची मत्ता व देणी पुस्तकी मूल्यानेच घेतली जातात, तिचे राखीव निधी त्याच नावांनी पुढे चालतात आणि जुने भांडवल ३.७० कोटी व नवे ४० लाख यांतील ३.३० कोटींचा फरक राखीव निधीत समायोजित होतो. नावलौकिक निर्माण होत नाही. यासाठी बहुतांश भागधारकांनी पुढेही भागधारक राहणे, मोबदला अपूर्णांकांचा भाग वगळता समभागांतच देणे व ‘ख’ चा व्यवसाय चालू ठेवण्याचा हेतू असणे इ. अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या भारतीय लेखामानक १०३ नुसार एकाच नियंत्रणाखालील कंपन्या वगळता इतरांना वाजवी मूल्याचीच पद्धत अवलंबावी लागते. त्यात नावलौकिक दरवर्षी निर्लेखित करीत नाहीत, तर त्याचे मूल्य घटले आहे काय हे दरवर्षी तपासतात.

लहान भागधारकांच्या दृष्टीने अपूर्णांकांचा प्रश्न महत्त्वाचा असतो. वरील प्रमाणात ५०० भागांबद्दल ५४.०५ भाग येतात, तर ९ भाग असणाऱ्यास एकही पूर्ण भाग मिळत नाही. असे अपूर्णांक सामान्यतः एकत्र करून विश्वस्तामार्फत विकले जातात व रक्कम प्रमाणशीर वाटली जाते. विलीनीकरणाची योजना वाचताना विनिमयाचे प्रमाण, नव्या भागांची धरलेली किंमत व फरक कोणत्या खात्यात टाकला, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय वाढलेल्या नफ्याचा किंवा निधीचा खरा अर्थ लागत नाही.