काळे चॉकलेट म्हणजे बीपीची गोळी नव्हे

मागच्या महिन्यात वस्तीत बीपी मोजत होते. एका मावशींचा बीपी १६६/१०० निघाला. वहीत पाहिले तर दोन महिन्यांपूर्वी तो १३८/८६ होता.

"मावशी, गोळी चालू आहे ना?"

"नाही ताई. गोळीनं पाय सुजत होते. नातवानं डार्क चॉकलेट आणून दिलं. त्यानं नसा मोकळ्या होतात म्हणे. आता तेच खाते."

मावशींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण अर्ध्या खऱ्या गोष्टीवर गोळी सोडणे आपल्या भागात जिवावर बेतू शकते. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत दोन वर्षांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत जास्त मृत्यू लकव्याचे निघाले, म्हणजे सातातला जवळपास एक. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला बीपी हेच आहे.

चॉकलेट कोकोच्या बियांपासून बनते. त्या बियांत फ्लेव्हनॉल नावाचे घटक असतात. त्यांनी रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, म्हणून बीपी उतरतो. पण किती? अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा वरचा आकडा सरासरी दोनने उतरला, आणि ज्यांचा बीपी आधीच वाढलेला होता त्यांचा साधारण चारने. बीपीची एक साधी गोळी आठ-दहाने उतरवते. मावशींना १६६ वरून १४० च्या खाली यायचे होते. शिवाय या चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्क लोकांवर काही वर्षे मोठी चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लेव्हनॉलची कॅप्सूल दिली. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण हृदयविकार, लकवा असे सगळे झटके मिळून ठामपणे कमी झाले असे २०२२ च्या निकालात दिसले नाही. आणि ती कॅप्सूल होती, चॉकलेट नव्हे.

चॉकलेटच्या वेष्टनावर फ्लेव्हनॉल किती ते सहसा लिहिलेले नसते. रंगावरूनही कळत नाही. कोकोचा कडूपणा कमी करण्यासाठी त्यावर क्षाराची प्रक्रिया करतात. त्याने रंग आणखी काळा होतो आणि फ्लेव्हनॉल मात्र बरेचसे नष्ट होते.

साखर मात्र लिहिलेली असते. मी मावशींकडचे वेष्टन मागून घेतले. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. इथे पहिलाच शब्द होता साखर. १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅम. मावशी रोज ४० ग्रॅमची वडी संपवत होत्या, म्हणजे २० ग्रॅम साखर, चहाचे चार चमचे. चहातली साखर वेगळीच. वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नावापुढे 'डार्क' लिहिले म्हणून साखर कमी होत नाही.

मग ७० टक्के कोकोचे घ्यावे का? त्यात साखर कमी, पण दुसरी अडचण आहे. कोकोचे झाड जमिनीतले कॅडमियम मुळांतून ओढून घेते, आणि बिया उघड्यावर वाळवताना धुळीतले शिसे त्यांवर बसते. कोको जितका जास्त, तितका हे धातू येण्याचा संभव जास्त. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने २०२२ मध्ये २८ डार्क चॉकलेटे तपासली. सगळ्यांत दोन्ही धातू सापडले. रोज २८ ग्रॅम खाल्ले तर २३ चॉकलेटांतून किमान एक धातू कॅलिफोर्निया राज्याच्या कडक मर्यादेपलीकडे जात होता.

एखादी वडी खाल्ल्याने विषबाधा होत नाही. प्रश्न रोज खाण्याचा आहे. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत जाते. शिसे लहान मुलांच्या आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करते. म्हणून गरोदर बाई आणि लहान मूल यांना 'औषध' म्हणून रोज डार्क चॉकलेट देऊ नका. तंबाखूतही कॅडमियम असते, तेव्हा खर्रा किंवा बिडी असणाऱ्यांच्या शरीरात ते आधीच जात असते.

आवडते म्हणून आठवड्यातून एक-दोनदा छोटा तुकडा खायला हरकत नाही. शुगर असेल तर तोही विचारून. फ्लेव्हनॉल साध्या चहातही असते, त्यासाठी पैसे मोडायची गरज नाही.

मावशींना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. पाय सुजणे हा बीपीच्या काही गोळ्यांचा ओळखीचा त्रास आहे. डॉक्टरांना सांगितले तर गोळी बदलून मिळते, तशी ती मोफत मिळाली. जेवणात वरून मीठ घेणे आणि रोजचे लोणचे मावशींनी बंद केले. तीन आठवड्यांनी बीपी १४२/८८ आला आणि पायांची सूजही गेली. अजून थोडा उतरायला हवा, म्हणून दर पंधरा दिवसांनी मोजणे चालू आहे. चॉकलेट आता नातवंडे आली की एक तुकडा, एवढेच.