रजिस्टरमध्ये नाव, रकान्यात गाव! तुरुंग-शाळा-दवाखान्याच्या कागदांची भन्नाट वंशावळ

माहीत आहे का? ठाण्यात ज्या भिंतींआड आज सेंट्रल जेल आहे, त्या भिंती मुळात एका किल्ल्याच्या आहेत. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचं जेल झालं. त्याच शहरात 1901 पासून मनोरुग्णालय आहे. शाळा तर गल्लोगल्ली! तिन्ही ठिकाणं एका रिक्षाफेरीत बघून होतील.

आणि या तिघांचं एकमेकांशी नातं आहे, हे सांगणारा माणूस होता पॅरिसचा! मिशेल फूको. कैद आणि शिस्तीवरचं त्याचं गाजलेलं पुस्तक आलं 1975 मध्ये. त्याचं म्हणणं असं की तुरुंग, शाळा आणि दवाखाना, तिन्हीकडे माणसाला आधी निरखतात, मग मोजतात, मग लिहून ठेवतात. एकदा लिहिलं की माणसाची 'केस' होते. ज्याच्या हाती नोंद, त्याच्या हाती माणूस.

हे शोधायची त्याची पद्धत म्हणजे जिनिऑलॉजी, म्हणजेच वंशावळ. आज निमूट भरला जाणारा फॉर्मचा एखादा रकाना घ्यायचा आणि त्याचा खापरपणजोबा कोण, कुठल्या भांडणातून जन्मला, ते खणून काढायचं. चला तर, आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात खणूया!

गाणं ऐकलं, कैदी सटकला!

माहीत आहे का, ठाण्याच्या किल्ल्यातून एक बडा कैदी गाण्याच्या मदतीने पळाला होता? दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. 1815 मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्यात त्याचं नाव आलं आणि इंग्रजांनी त्याला ठाण्यात डांबलं. कडेकोट बंदोबस्त हवा म्हणून पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई!

इथेच गोची झाली. एका अधिकाऱ्याचा मोतद्दार घोडा फिरवताना खिडकीखालून मराठी गाणी म्हणत जायचा. गाण्यात पळून जायचा सगळा बेत होता. गोऱ्या पहारेकऱ्यांच्या कानावर रोज पडत होता, पण समजणार कोणाला? 12 सप्टेंबर 1816 ला त्रिंबकजी पसार! बिशप हेबरने तर त्या गाण्याचा मासला आपल्या प्रवासवर्णनात टिपून ठेवला.

त्या पहाऱ्याकडे डोळे होते, बंदुका होत्या. कैद्याच्या माणसांची भाषा मात्र नव्हती. त्याच शतकाच्या अखेरीस जेलने नजरेच्या जोडीला कागद आणला, आणि काय कागद आणला!

वजनदार कागद

1894 च्या प्रिझन्स अ‍ॅक्टमध्ये एक छोटी चीज आहे: हिस्टरी तिकीट. प्रत्येक कैद्याचं एक. कामावर लावलेल्या कैद्याचं वजन डॉक्टरने निदान पंधरवड्यातून एकदा त्यावर नोंदवून घ्यायचं, असं कलम 35 सांगतं. दिवसाला कामाचे कमाल नऊ तास, हेही तिथेच.

समजा, कैद्याला चक्कीवर लावलंय. पहिल्या पंधरवड्यात वजन 110 पौंड, दुसऱ्यात 106, तिसऱ्यात 101. आकडा बोलतोय की हे काम अंगावर येतंय. तब्येत कामामुळे बिघडतेय असं डॉक्टरचं मत झालं, की त्या कैद्याला त्या कामावरून काढून दुसरं काम द्यायचं, असा कायदाच आहे. म्हणजे काट्याने कैद्याला वाचवलं!

पण थांबा. तोच काटा उलटाही चालतो. वजन टिकून आहे? मग चक्की चालू! माणसाकडून किती काम काढता येईल याची हद्द आता आकड्यात सापडली. काळजी आणि पिळवणूक एकाच चौकोनात, एकाच शाईत. फूकोच्या 'सत्ता-ज्ञान' या जोडशब्दाचा अर्थ नेमका हाच. सत्तेला कैद्याच्या शरीराची माहिती मिळते, आणि त्या माहितीतून सत्तेला नवं काम सुचतं.

यात फसवाफसवी ओळखायची कशी? एका नोंदीवरून काहीच कळत नाही. सलग नोंदी बघायच्या. आकडा महिनोन् महिने जराही हलत नसेल, तर काटा वापरलाच नाही आणि कोणीतरी मागचा आकडा पुढे उतरवलाय, अशी शंका घ्यायला जागा आहे. कागद नीट वाचला तर लिहिणाऱ्याचीही हजेरी घेतो!

छडी लागे… कुठल्या कलमाखाली?

आता खरा धक्का. माहीत आहे का, या जेलच्या कायद्यात शाळा चक्क नावानिशी आली आहे? फटक्यांच्या शिक्षेचं कलम 53. मोठ्या कैद्याला किमान अर्धा इंच जाडीच्या वेताने मारायचं. आणि सोळा वर्षांखालच्या कैद्याला? त्याला हलक्या वेताने, 'शाळेच्या शिस्तीच्या पद्धतीने'! कायदा लिहिणाऱ्याला अधिक खुलासा करायची गरजच वाटली नाही. शाळेत कसं मारतात ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

इथे फूकोलाही एक टाचणी लागते. त्याच्या कथेत युरोपातली शिक्षा शरीरावरच्या छळाकडून वेळापत्रकाकडे आणि निगराणीकडे सरकते. आपल्याकडे वसाहतीत वेळापत्रक आलं, वजनकाटा आला आणि वेतही राहिला. जास्तीत जास्त तीस फटके, तेही सुपरिंटेंडेंट आणि डॉक्टर यांच्या समोर. फटका मारणारा हात आणि नाडी बघणारा हात एकाच खोलीत.

मॉनिटर, यस सर!

वर्गातला मॉनिटर कुठून आला? अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने 1789 पासून मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवली. तिथल्या देशी शाळेतली पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. आपल्याकडच्या पंतोजींच्या धूळपाटीची सख्खी बहीणच ती! थोरल्या पोराने धाकट्याला शिकवायचं, असं तंत्र त्याने बसवलं. 1797 मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि इंग्लंडात 'मद्रास पद्धत' हिट! फूको ज्या मुलांनीच एकमेकांना शिकवायच्या शाळांच्या शिस्तीचं बारीक वर्णन करतो, त्यांचं एक मूळ असं थेट हिंदुस्थानात सापडतं.

आणि जेलमध्ये? 1894 च्या कायद्याने कैद्यांमधूनच 'अधिकारी' नेमायची सोय केली. कैद्यावर कैद्याची नजर, पोरावर पोराची. पगार कमी, डोळे जास्त!

हॅपी बर्थडे टू… अख्खा महाराष्ट्र!

माहीत आहे का, महाराष्ट्रातल्या असंख्य आजी-आजोबांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो? 1 जून! घरात जन्माची नोंद नसायची. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा, गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून लिहायचे 1 जून.

गंमत इथे संपत नाही. तो अंदाज जनरल रजिस्टरमध्ये गेला, तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तिथून नोकरीच्या सेवापुस्तकात. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी 31 मे ला सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची रांग! आई म्हणत असेल 'तू श्रावणातला', पण कागदापुढे आईचं चालत नाही. रजिस्टरातली तारीख बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि शाळा सोडल्यावर ते काम महाकठीण.

मला हा नमुना सगळ्यांत लाडका आहे. शाळेने ज्ञान 'शोधलं' नाही, शाळेने ते तयार केलं, आणि माणसं आयुष्यभर त्या तारखेप्रमाणे जगली.

कोण म्हणतं वेडा?

आता मनोरुग्णालय. मुंबई पट्ट्यात 'ठाण्याला पाठवायला हवं' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण कोणालाही ठाण्याला पाठवता यायचं का? 1912 च्या लुनसी अ‍ॅक्टनुसार नातेवाइकाला अर्ज करावा लागे, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, आणि मग मॅजिस्ट्रेटचा हुकूम.

त्या दाखल्याचा नमुना बघाच. दोन भाग. पहिला: वेडाची लक्षणं, जी डॉक्टरने 'स्वतः पाहिली'. दुसरा: जी 'इतरांनी सांगितली'. म्हणजे एका बाजूला तज्ज्ञाची नजर, दुसऱ्या बाजूला दिराचं, सासूचं, शेजाऱ्याचं म्हणणं, आणि दोन्ही एकाच सहीखाली! असा दाखला वाचताना पहिला भाग दोन ओळींत आटोपलाय आणि दुसरा पानभर पसरलाय असं दिसलं, तर घरातलं भांडण वैद्यकीय भाषेत बोलतंय का, हे विचारायलाच हवं. खुद्द रुग्णाने काय सांगितलं, याला वेगळा भागच नव्हता.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे उलटं फिरवलं. समाजाच्या रीतीभाती, नीतिमूल्यं किंवा श्रद्धा पाळत नाही, एवढ्यावर कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरही नाही. म्हणजे जुनी फाईल एकटी पुरेशी नाही! आणि स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागायचा हक्क रुग्णाला आहे. गंभीर अपाय होईल अशी माहिती डॉक्टर रोखू शकतात, पण मग रोखल्याचं रुग्णाला सांगावं लागतं.

जाता जाता कल्याणला सलाम! कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी 1883 मध्ये सेरामपूरच्या भाषणात हिंदुस्थानला बायकांचे डॉक्टर बायकाच हव्यात, असं ठणकावलं होतं. परपुरुषाला तपासू द्यायचं नाही म्हणून डॉक्टरची नजर जिथे पोचतच नव्हती, तिथे त्या स्वतः पोचायला निघाल्या. 1886 मध्ये एम.डी.!

एक रकाना, दोन निकाल

शेवटचा आणि सगळ्यांत झणझणीत. 3 ऑक्टोबर 2024. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीनुसार कामं देणारी कलमं घटनाबाह्य, आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका. झाडू कोणाच्या हाती आणि स्वयंपाक कोणाच्या, हे तो रकाना वर्षानुवर्षं ठरवत आला होता.

आणि माहीत आहे का, त्याच काळात महाराष्ट्रात नेमक्या त्याच रकान्याचा शोध चालू होता? सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यात कुणबी नोंदी हुडकणं सुरू झालं. तपासायच्या कागदांत शाळांची जनरल रजिस्टरं होती, महसुलाचे कागद होते आणि तुरुंगांची कैदी-रजिस्टरंही! ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा भक्कम धरतात. त्यामुळे ज्या पणजोबाचा जेलचा किस्सा घरात कुजबुजत सांगायचे, त्याच्या नावापुढे कारकुनाने 'कुणबी' लिहिलं असेल, तर तो उतारा आता पणतू अभिमानाने मागतो.

बरेच जुने कागद मोडीत आहेत. त्यामुळे तहसील कचेऱ्यांमध्ये मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. एका अक्षराचं वाचन चुकलं तर दाखला अडतो, म्हणून नोंद वाचणाऱ्याला मूळ पान, वर्ष, गाव आणि नातं हे सगळं जुळवून दाखवावं लागतं. नुसतं आडनाव सारखं असून भागत नाही. वंशावळ मांडावी लागते, खरीखुरी, बाप-आजा-पणजा!